बाराशे पाकिटं गेली कुठं?

आधी एक प्रश्न वाचा. घाई करू नका, घड्याळ लावलेलं नाही.

'हळद पावडर बनवणाऱ्या एका युनिटमध्ये ऑडिट सुरू आहे. पॅकिंगनंतरचा मेटल डिटेक्टर हा तिथला सीसीपी आहे. दर तासाला लोखंड, नॉन-फेरस धातू आणि स्टेनलेस स्टील असे तीन टेस्ट पीस मशीनमधून पाठवायचे आणि तिन्ही पीस मशीनने बाहेर टाकलेच पाहिजेत, अशी क्रिटिकल लिमिट प्लॅनमध्ये लिहिली आहे. रजिस्टरमध्ये ११ वाजताची टेस्ट ओके आहे. १२ वाजता मशीनने स्टीलचा पीस पकडला नाही. ऑपरेटरने लाइन थांबवली. मेंटेनन्सवाल्याने सेटिंग दुरुस्त केलं. १२.४० ला तिन्ही पीस पकडले गेले आणि लाइन पुन्हा सुरू झाली. ११ ते १२ या वेळात पॅक झालेल्या मालाचं काय केलं, असं ऑडिटरने विचारल्यावर सुपरवायझर म्हणतात, "मशीन लगेच नीट केली ना! माल संध्याकाळच्या गाडीने गेला." कोणत्या क्लॉजची पूर्तता झालेली नाही?'

पर्याय चार. अ) ८.७, मोजमापाच्या उपकरणांवर नियंत्रण. ब) ८.५.४.३, सीसीपीवर देखरेख. क) ८.९.४, असुरक्षित असू शकणाऱ्या मालाची हाताळणी. ड) १०.१, नॉनकन्फॉर्मिटी आणि करेक्टिव्ह ॲक्शन.

ठरवलंत? उत्तर मनात ठेवा, त्याच्याकडे येतोच आपण.

आयएसओ २२००० या फूड सेफ्टीच्या स्टँडर्डवर जो लीड ऑडिटर कोर्स असतो, त्याच्या परीक्षेत साधारण अशा धाटणीचे प्रश्न येतात. कोर्स बहुतेक ठिकाणी पाच दिवसांचा. फूड टेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, ॲग्री केलेली बरीच मुलंमुली हल्ली तो करतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात तर हा विषय लांबचा नाहीच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती लागलेली तुम्ही लहानपणापासून बघता. ती हळद दळून, पाकिटात भरून मोठ्या खरेदीदाराला किंवा परदेशात विकायची म्हटलं की समोरचा विचारतो, 'सर्टिफिकेट आहे का?' म्हणूनच वरचा प्रश्न मी बिस्किटाच्या किंवा दुधाच्या फॅक्टरीऐवजी हळदीच्या युनिटवर बेतला आहे.

ही सगळी गोष्ट मला समजावून सांगितली ती वसमतच्या एका ताईने. परभणीला फूड टेक्नॉलॉजी केलं, आता एका मसाला युनिटमध्ये क्वालिटी बघते. हा कोर्स तिने केला आणि पहिल्या खेपेला नापास झाली. 'क्लॉजचे नंबर मला झोपेत विचारले असते तरी आले असते,' ती म्हणाली, 'तरीही गेले.' नेमकं कशात गेली, हे ऐकल्यावर मला वाटलं की लिहायचं तर यावरच.

नंबर पाठ असून का अडतं?

स्टँडर्डचा आराखडा समजायला सोपा आहे. क्लॉज ४ ते १० एवढाच भाग ऑडिटसाठी. त्यातले ४ संस्थेचा संदर्भ, ५ नेतृत्व, ६ नियोजन, ७ सपोर्ट, ९ कामगिरीचं मूल्यमापन आणि १० सुधारणा, ही चौकट क्वालिटीच्या आयएसओ ९००१ मध्येही जवळपास तीच आहे. दोन्हीकडे ९.२ म्हणजे इंटर्नल ऑडिट आणि ९.३ म्हणजे मॅनेजमेंट रिव्ह्यू. फूड सेफ्टीचं खरं काम सगळं क्लॉज ८ मध्ये आहे. युनिटमधली मूलभूत स्वच्छता ८.२ मध्ये, ट्रेसेबिलिटी ८.३ मध्ये, धोक्यांचं विश्लेषण आणि त्यांचा कंट्रोल प्लॅन ८.५ मध्ये, उपकरणं ८.७ मध्ये, पडताळणी ८.८ मध्ये आणि काही बिघडलं तर काय करायचं हे ८.९ मध्ये.

एवढं पाठ केलं की आपण तयार, असं ताईला वाटलं होतं. मग परीक्षेत तिने काय केलं? प्रश्नातला ओळखीचा शब्द शोधला आणि त्या शब्दाचा क्लॉज लिहिला. डिटेक्टर दिसला की ८.७. रजिस्टर दिसलं की ७.५, कारण ७.५ म्हणजे कागदपत्रं. काहीतरी चुकलंय एवढंच कळलं की १०.१, कारण तिथे शीर्षकातच नॉनकन्फॉर्मिटी लिहिलंय.

गोम अशी की प्रश्न काढणाऱ्याला ही सवय ठाऊक असते. वरच्या प्रश्नात डिटेक्टर आहे, रजिस्टर आहे, टेस्ट आहे, दुरुस्ती आहे. प्रत्येक शब्द तुम्हाला एकेका चुकीच्या पर्यायाकडे ओढतो.

दुसऱ्या वेळी तिने पद्धत बदलली. प्रश्न वाचून झाला की ती स्वतःला एकच गोष्ट विचारायची: कोणती गोष्ट करायलाच हवी होती आणि झाली नाही? स्टँडर्डमध्ये जिथे 'शॅल' हा शब्द येतो, तिथे ती गोष्ट बंधनकारक असते. ऑडिटर एनसी देतो ती फक्त मोडलेल्या 'शॅल'वर. 'असं केलं असतं तर बरं झालं असतं' यावर एनसी देता येत नाही.

आता पर्याय एकेक करून बघू

अ म्हणजे ८.७. हा क्लॉज म्हणतो की मोजमापाची उपकरणं ठरलेल्या काळाने कॅलिब्रेट करा किंवा तपासा, आणि उपकरण चुकीचं निघालं तर आधीच्या मोजमापांवर विश्वास ठेवता येतो का, हे तपासा. इथे टेस्ट पीस वेळेवर टाकला गेला, बिघाड लगेच पकडला गेला. आता तुम्ही म्हणाल, उपकरण चुकीचं निघालं आणि आधीच्या तासाचा विचार केला नाही, म्हणजे हेही लागू होतंच की! मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच हा पर्याय सगळ्यात फसवा. पण प्रश्नातला पुरावा वाचा. मापन चुकलं की नाही याबद्दल युनिटमध्ये कुणाला शंकाच नव्हती. १२ वाजता पीस पकडला गेला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही माल गेला. सुपरवायझरचं वाक्य मालाबद्दल आहे.

ब म्हणजे ८.५.४.३, देखरेख. दर तासाला टेस्ट करायची होती, ती झाली, नोंदही आहे. इथे काहीही मोडलेलं नाही. उलट ऑपरेटरने आपलं काम चोख केलं.

ड म्हणजे १०.१. यंत्रणेतल्या कोणत्याही त्रुटीला तो लागू होतो, त्यामुळे तो कुठेही चिकटवता येतो. परीक्षेत हीच त्याची अडचण. सीसीपीवर काही बिघडलं तर त्यासाठी स्टँडर्डने स्वतंत्र क्लॉज ठेवला आहे. स्वतंत्र क्लॉज असताना सर्वसाधारण क्लॉज लिहिणं म्हणजे पत्ता विचारल्यावर 'जिल्हा हिंगोली' एवढंच सांगण्यासारखं. चूक नाही, पण पत्र पोचणार नाही.

उरला क. ८.९.२ सांगतो की सीसीपीची क्रिटिकल लिमिट ओलांडली गेली, तर त्या काळातला माल ओळखा आणि तो असुरक्षित असू शकतो असं धरून ८.९.४ नुसार हाताळा. ८.९.४ सांगतो की असा माल पुढे जाऊ देऊ नका. इथे माल वेगळा काढलाच नाही, थेट गाडीत भरला. मोडलेला 'शॅल' तो हा. उत्तर क.

थोडं पुढचंही जाणून घ्या, म्हणजे लेखी उत्तरात अडणार नाही. ८.५.४.४ हा क्लॉजही म्हणतो की लिमिट ओलांडल्यावर काय करायचं ते ठरवून ठेवा आणि असुरक्षित माल बाहेर जाणार नाही याची खात्री करा. तुम्ही तो लिहिला आणि कारण नीट मांडलं, तर उत्तराचा रोख बरोबरच आहे. फरक कसा ओळखायचा? प्लॅनमध्ये 'माल थांबवा' ही सूचनाच नसेल, तर ८.५.४.४ जास्त चपखल बसतो. सूचना असो वा नसो, प्रत्यक्षात माल गेला, हा पुरावा समोर असेल तर ८.९.४.

ते बाराशे कुठून आले?

शीर्षकातला आकडा प्रश्नात नाही, तो आपण काढू. समजा लाइन मिनिटाला २० पाकिटं भरते आणि पाकीट २०० ग्रॅमचं आहे. ११ वाजता मशीन नीट होतं, १२ वाजता नव्हतं. मधे नेमकं कधी बिघडलं? ११.०५ ला की ११.५५ ला? कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून शेवटच्या चांगल्या टेस्टपासून पुढचा सगळा माल संशयित धरायचा. साठ मिनिटं गुणिले २०, म्हणजे १२०० पाकिटं, २४० किलो हळद.

टेस्ट दर तासाऐवजी दर चार तासांनी असती, तर हाच आकडा ४,८०० झाला असता. टेस्ट किती वेळाने करायची हे प्लॅनमध्ये ठरवताना हाच हिशेब करायचा असतो. स्टँडर्ड 'तासाला एकदा' असं कुठेच म्हणत नाही. ते एवढंच म्हणतं की बिघाड वेळेत कळला पाहिजे, म्हणजे माल अडवता येईल.

धातू हळदीत येतो कुठून, हेही बघून घ्या. वाळलेलं हळकुंड दगडासारखं कडक असतं. ते दळताना ग्राइंडरचे भाग झिजतात, चाळणीची तार तुटते. लोखंडाचे कण चुंबक ओढून घेतं. पण चाळणीची तार बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि ती चुंबकाला फारशी दाद देत नाही. डिटेक्टरलाही स्टील पकडणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून स्टीलचा टेस्ट पीस लोखंडाच्या पीसपेक्षा सहसा मोठा ठेवतात. प्रश्नात नेमका स्टीलचाच पीस निसटला, हे उगाच नाही. ज्या धातूसाठी शेवटचा आधार फक्त डिटेक्टरच आहे, त्याच्याच बाबतीत तो तासभर आंधळा होता.

'लॅबला पाठवू' चालेल का?

याच प्रश्नाचा दुसरा भाग कधीकधी असा येतो: 'युनिटने त्या मालातली पाच पाकिटं लॅबमध्ये तपासली. धातू सापडला नाही. म्हणून माल सोडला. हे योग्य आहे का?'

ऐकायला एकदम शास्त्रशुद्ध वाटतं. पण उत्तर नाही असं आहे. इथे सीसीपी आणि ओपीआरपी यांच्यातला फरक लागतो. धोक्याचं विश्लेषण करून आपण नियंत्रणाचे उपाय दोन गटांत टाकतो. जिथे मोजता येईल अशी पक्की लिमिट आहे, तो सीसीपी. जिथे मोजून किंवा नजरेने बघून ठरवायचा ॲक्शन क्रायटेरिया आहे, तो ओपीआरपी. ओपीआरपी चुकला तर ८.९.४.२ थोडी मोकळीक देतो: दुसऱ्या पुराव्यावरून किंवा नमुने तपासून माल सुरक्षित आहे असं सिद्ध झालं, तर तो सोडता येतो. सीसीपीला ही मोकळीक नाही. लिमिट ओलांडली की तो माल तसाच सोडता येत नाही, विषय संपला.

यामागचं कारणही साधं आहे. तारेचा तुकडा मिठासारखा सगळ्या हळदीत मिसळत नाही. १२०० पैकी एखाद्याच पाकिटात असेल. तुम्ही पाच फोडली आणि ती स्वच्छ निघाली, तर उरलेल्या ११९५ बद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

मग मालाचं करायचं काय? ८.९.४.३ तीन वाटा देतो. पुन्हा प्रक्रिया करून धोका काढून टाका. अन्नसाखळीला बाधा येणार नाही अशा दुसऱ्या वापराला वळवा. नाहीतर नष्ट करा. आपल्या प्रश्नात पहिली वाट सोपी होती. दुरुस्त झालेल्या, टेस्ट ओके झालेल्या डिटेक्टरमधून ती १२०० पाकिटं पुन्हा पाठवायची आणि तशी नोंद ठेवायची. मिनिटाला २० च्या वेगाने एक तास लागला असता.

माल आधीच गेलेला असेल, तर पुढचा क्लॉज ८.९.५: विथड्रॉवल किंवा रिकॉल. तिथे ८.३ ची ट्रेसेबिलिटी कामी येते. ११ ते १२ ची पाकिटं कोणत्या बॅच नंबरची आणि ती कोणत्या दुकानदाराकडे गेली, हे सांगता आलं तरच परत मागवता येतील. दिवसभराच्या मालाला एकच बॅच नंबर असेल, तर एका तासापायी अख्ख्या दिवसाचा माल परत मागवावा लागतो.

एक वाक्य बदललं की क्लॉज बदलतो

तयारी करताना ताईने एक खेळ शोधला होता. एकच प्रश्न घ्यायचा, त्यातलं एक वाक्य बदलायचं आणि क्लॉज कुठे सरकतो ते बघायचं. आपणही करून बघू.

समजा १२ वाजताची टेस्ट ओके आहे, माल थांबवायचा प्रश्नच नाही, पण १ आणि २ वाजताच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. आता प्लॅनमध्ये ठरलेली देखरेख झाल्याचा पुरावा नाही. क्लॉज ८.५.४.५, म्हणजे प्लॅनची अंमलबजावणी आणि तिचा लेखी पुरावा. ८.५.४.३ च्या बाजूनेही हे मांडता येतं.

समजा सगळ्या टेस्ट झाल्या, नोंदीही आहेत, पण जो ऑपरेटर टेस्ट घेतो तोच शेजारच्या 'पडताळणी केली' या रकान्यात सही करतो. क्लॉज ८.८.१. देखरेख करणाऱ्यानेच त्याच कामाची पडताळणी करायची नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

समजा चाळणीची जागा बदलून ती ग्राइंडरच्या आधीऐवजी नंतर आणली, पण भिंतीवरचा फ्लो डायग्राम जुनाच आहे. क्लॉज ८.५.१.५. फूड सेफ्टी टीमने प्रत्यक्ष जागेवर जाऊन डायग्राम बरोबर आहे का हे बघणं तिथे अपेक्षित आहे.

आणि हा शेवटचा, आपल्याकडचा. 'युनिट बाजारातून हळकुंडं विकत घेतं. शेतकऱ्याने ती शेतात ताडपत्रीवर वाळवली होती आणि आजूबाजूला कोंबड्या फिरत होत्या, असं ऑडिटरने येताना रस्त्यातून पाहिलं. एनसी द्या.' मोह होतो ना? पण शेत सर्टिफिकेटच्या कक्षेत नाही. तिथल्या कोंबड्यांवर युनिटला एनसी देता येत नाही. हा फक्त धागा आहे. तो धरून ऑडिटरने युनिटमध्ये जायचं आणि विचारायचं: कच्च्या हळदीत काय धोके असू शकतात हे तुम्ही लिहिलंय का? ते ८.५.१.२ आणि ८.५.२. पुरवठादार कसे निवडता? ते ७.१.६. आलेला लॉट स्वीकारताना काय तपासता? या उत्तरांत खोट निघाली, तरच एनसी. परीक्षेत अशा प्रश्नाला 'पुरावा अपुरा, आणखी तपासणी हवी' असं उत्तर लिहायची हिंमत लागते. अनेक जण एनसी नसतानाही लिहितात, कारण रिकामं सोडायची भीती वाटते.

एनसी लिहायची कशी?

लेखी भागात नुसता नंबर पुरत नाही. एनसीचं विधान तीन तुकड्यांत लिहायचं असतं: काय अपेक्षित होतं, काय दिसलं आणि म्हणून काय चुकलं. आपल्या प्रश्नाचं असं होईल:

'अपेक्षा: आयएसओ २२०००:२०१८, क्लॉज ८.९.४. क्रिटिकल लिमिट ओलांडली गेली त्या काळातला माल असुरक्षित असू शकतो असं धरून हाताळावा, तसाच सोडू नये. पुरावा: मेटल डिटेक्टर रजिस्टरमध्ये १२.०० वाजता स्टीलचा टेस्ट पीस न पकडल्याची नोंद. आधीची शेवटची ओके टेस्ट ११.००. या वेळातला माल त्याच संध्याकाळी पाठवल्याचं सुपरवायझरने सांगितलं. त्रुटी: सीसीपी नियंत्रणात नसताना पॅक झालेला माल वेगळा न काढता विक्रीसाठी पाठवण्यात आला.'

यात काय नाही ते बघा. सुपरवायझरचं नाव नाही. 'निष्काळजीपणा' हा शब्द नाही. 'नवीन मशीन घ्या' असा सल्ला नाही. कारण शोधणं आणि उपाय ठरवणं हे युनिटचं काम आहे, ऑडिटरचं नाही. खऱ्या ऑडिटमध्ये तुम्ही सुपरवायझरच्या बोलण्यावर न थांबता डिस्पॅच रजिस्टरही बघाल आणि त्याचा नंबर पुराव्यात टाकाल.

मेजर की मायनर? आयएसओ २२००० मध्ये हे शब्द ठरवून दिलेले नाहीत. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांसाठी जे वेगळं स्टँडर्ड आहे, आयएसओ/आयईसी १७०२१-१, त्यात मेजरची व्याख्या आहे: यंत्रणेला आपलं उद्दिष्ट गाठता येईल की नाही, यावर जिचा परिणाम होतो ती त्रुटी. इथे असुरक्षित असू शकणारा माल ग्राहकाकडे गेला. फूड सेफ्टीच्या यंत्रणेचं उद्दिष्टच मुळात ते होऊ न देणं हे आहे. म्हणून मेजर.

जुन्या पीडीएफपासून सावध

एक व्यावहारिक गोष्ट. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रश्नसंचांपैकी काही २००५ च्या जुन्या आवृत्तीचे आहेत. स्टँडर्ड २०१८ मध्ये बदललं आणि नंबरही बदलले. जुन्यात ८.३ म्हणजे मोजमापाची उपकरणं, नव्यात ८.३ म्हणजे ट्रेसेबिलिटी. जुन्यात ७.२ म्हणजे पीआरपी, म्हणजे स्वच्छतेची मूलभूत व्यवस्था. नव्यात ७.२ म्हणजे माणसांची क्षमता. ओळखायचं कसं? प्रश्नसंचात ७.१० वरचे प्रश्न दिसले की तो जुना. नव्या आवृत्तीत क्लॉज ७ हा ७.५ लाच संपतो. आपण आज ज्याला ८.९.४ म्हणालो, तो जुन्यात ७.१०.३ होता. मजकूर बराचसा तोच आहे, पण नंबर लिहिला की मार्क गेले.

आणि कोर्स पास झालात म्हणजे लगेच लीड ऑडिटर झालात असंही नाही. त्यानंतर अनुभवी ऑडिटरच्या हाताखाली प्रत्यक्ष ऑडिटं करावी लागतात. फी भरण्याआधी हे विचारून घ्या.

ताईची गाडी

शेवटी मी ताईला विचारलं, परीक्षेतला हा प्रश्न कामावर कधी खरा झाला का? ती हसली. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. दुपारची टेस्ट फेल झाली. मशीन वीस मिनिटांत नीट झालं. गेटवर गाडी भरून उभी होती आणि तिच्यात मधल्या तासाची पाकिटं होती. तिने गाडी उतरवायला सांगितली.

'ताई, मशीन झाली की नीट,' ड्रायव्हर म्हणाला. मालक काही बोलले नाहीत, पण घड्याळाकडे बघत उभे राहिले. खोकी उतरवली, फोडली, सगळी पाकिटं पुन्हा डिटेक्टरमधून गेली. एक तासाच्या वर वेळ गेला. एकही पाकीट बाहेर पडलं नाही.

'काय निघालं मग?' ड्रायव्हरने विचारलं.

'काही नाही,' ती म्हणाली, आणि रजिस्टरमध्ये तेच लिहिलं: वेळ, पाकिटांची संख्या, पुन्हा तपासली, एकही रिजेक्ट नाही. खाली तिने सही केली नाही. टेस्ट तिने घेतली होती, म्हणून पडताळणीच्या रकान्यात सही करायला तिने दुसऱ्या शिफ्टच्या सरांना बोलावलं. ८.८.१.

मग गाडी गेली.